एक विरघळतो, एक विरघळत नाही

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ लघवीचा रिपोर्ट हातात घेऊन घाईघाईने दवाखान्यात आले. त्यांचा लॅब्राडोर गाडीतच बसला होता, जीभ काढून, अगदी मजेत. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स : भरपूर. साखर : दोन प्लस.’ कुत्र्याला मुतखडा आणि मधुमेह एकाच दिवशी झाल्याचं त्यांनी इंटरनेटवरून नक्की केलं होतं. मी विचारलं, नमुना कसा नेला होता? म्हणाले, “रात्री फिरायला नेलं तेव्हा घेतला. मुरंब्याची बाटली होती, चांगली विसळून घेतली. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी लॅबला दिला.”

साखर मुरंब्याची होती. आणि स्फटिक बरेचसे फ्रिजचे. लघवी गार झाली की तिच्यात विरघळलेले क्षार खाली बसतात, पाकात साखर बसते तसे. शिवाय ती तासन्‌तास उघडी राहिली की तिचा पीएच वर सरकतो आणि उरलेसुरले स्फटिकही तयार होतात. आम्ही त्या लॅब्राडोरची ताजी लघवी घेतली आणि पाऊण तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. साखर नव्हती, स्फटिक शोधावे लागत होते. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण मुतखड्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात आहे. स्फटिक म्हणजे खडा नव्हे. धडधाकट कुत्र्याच्या घट्ट लघवीत स्फटिक असू शकतात आणि ते रोज धारेबरोबर निघून जातात. उलट मूत्राशयात खडे भरलेले असताना लघवीत एकही स्फटिक न सापडणं हेही नेहमीचंच आहे. म्हणून स्फटिक दिसले एवढ्यावर मी आहार बदलत नाही, आणि दिसले नाहीत म्हणून एक्स-रे टाळत नाही.

कुत्र्याच्या मूत्राशयातले बहुतेक खडे दोन प्रकारचे असतात. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा. प्रयोगशाळा ज्याला जुन्या सवयीने ट्रिपल फॉस्फेट म्हणते तो हाच. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रुव्हाइटचा स्फटिक कौलारू घराच्या छपरासारखा दिसतो, मधे आढं आणि दोन्हीकडे उतार. ऑक्झलेटचा नेहमीचा स्फटिक म्हणजे चौकोन आणि त्यावर फुली, टपालाच्या पाकिटाची मागची बाजू जशी. एक्स-रेवर दोन्ही पांढरे दिसतात. पण पहिला खडा पोटात असतानाच विरघळवता येतो आणि दुसरा कुठल्याही औषधाने किंवा आहाराने विरघळत नाही, तो बाहेरच काढावा लागतो. खडा हातात येण्याआधी तो कुठला असेल हे ओळखणं, ही आमची खरी परीक्षा.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ साली कार्ल ऑस्बर्न यांनी प्राण्यांच्या मुतखड्यांचं केंद्र सुरू केलं आणि देशोदेशीचे डॉक्टर तिथे खडे पाठवू लागले. सुरुवातीला तिथे येणाऱ्या कुत्र्यांच्या खड्यांपैकी ७८ टक्के स्ट्रुव्हाइट असत आणि जेमतेम ५ टक्के ऑक्झलेट. २००७ पर्यंत दोघांचं प्रमाण जवळजवळ सारखं झालं, प्रत्येकी चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माझ्या आधीच्या पिढीतला डॉक्टर डोळे मिटून ‘स्ट्रुव्हाइट’ म्हणाला तरी चारांत तीन वेळा बरोबर ठरला असता. आज ते नाणं उडवण्यासारखं आहे, म्हणून पुरावे गोळा करावे लागतात.

ते कसे करतात हे दोन कुत्र्यांच्या गोष्टीतून सांगतो.

चिंगी ही सहा वर्षांची पग, वजन साडेआठ किलो. तिला आणलं ते घरातल्या सूनबाईंनी. तक्रार अशी की दर पंधरा मिनिटांनी बसते, चार थेंब करते, शेवटच्या थेंबात रक्त असतं. हे तीन महिने चाललं होतं. दोनदा पाच-पाच दिवसांचं अँटिबायोटिक झालं होतं. गोळ्या सुरू असेपर्यंत बरं वाटे, बंद केल्या की आठवड्यात पुन्हा रक्त. मधल्या काळात कुळथाचं पाणी झालं, आणि लघवीची जळजळ थांबवतं म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेलं एक सायट्रेटचं गोडसर सिरपही झालं.

कुळथाशी माझं भांडण नाही. ते सिरप मात्र तिच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, आणि का ते पुढे येईलच.

जमिनीवर पडलेली लघवी तपासायला निरुपयोगी. वाटीत धरलेलीत बाहेरच्या कातडीवरचे जंतू येतात. म्हणून सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुई मूत्राशयात घालून तिथूनच नमुना घेतला. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक कुत्री लशीच्या इंजेक्शनला जेवढी कुरकुर करतात तेवढीही इथे करत नाहीत. लघवीचा पीएच आला ८. पांढऱ्या पेशी दृश्यभर पसरलेल्या, मधेमधे गोल जंतूंचे घोस, आणि छपरं, भरपूर छपरं. इथे एक बारकावा आहे. लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवर पांढऱ्या पेशींचा आणि लघवीच्या घट्टपणाचा असे दोन चौकोन असतात. कुत्र्यांत त्या दोन्हींवर विसंबू नये. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि घट्टपणा रिफ्रॅक्टोमीटरवर पाहायचा. चिंगीचा घट्टपणा १.०२८ होता.

एक्स-रेवर बोराएवढा एक गुळगुळीत खडा दिसला, दोन सेंटिमीटर व्यासाचा, आणि शेजारी दोन लहान. लघवीचा नमुना कल्चरला पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : स्टॅफिलोकोकस स्यूडिंटरमिडियस. हा कुत्र्याच्या कातडीवर राहणारा नेहमीचा जंतू. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद, त्यामुळे तो सहज वर चढतो. म्हणूनच स्ट्रुव्हाइटचे रुग्ण फार मोठ्या प्रमाणात माद्या असतात.

मांजरात स्ट्रुव्हाइट बहुधा जंतूंशिवाय होतो. कुत्र्यात मात्र जवळजवळ नेहमी आधी जंतूंचा संसर्ग होतो आणि मग खडा. या जंतूकडे युरिएज नावाचं एक विकर असतं. कुत्रं प्रथिनं खातं, त्यांतून शरीरात युरिया तयार होतो, तो लघवीत उतरतो. युरिएज त्या युरियाचे तुकडे करून अमोनिया बनवतं. अमोनियाने लघवी अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी लघवीत अमोनियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन खाली बसतात. म्हणजे खड्याला लागणारा मालही जंतूच पुरवतो आणि भट्टीही तोच पेटवतो. त्या सायट्रेटच्या सिरपचं काम लघवी अल्कधर्मी करणं हेच असतं. घरच्यांनी भल्या हेतूने भट्टीत आणखी कोळसा टाकला होता.

मग पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं का वाटत होतं आणि पुन्हा का बिघडत होतं? कारण खडा वाढताना जंतू त्याच्या थरांत चिणले जातात. लघवीतले जंतू गोळीने मरतात, दगडातले सुखरूप राहतात. गोळी बंद झाली की ते बाहेर येतात. म्हणून उपचार दोन पायांवर चालतो : खडा विरघळवणारा आहार आणि कल्चरप्रमाणे निवडलेलं अँटिबायोटिक. रूढ पद्धतीत हे औषध खडा पूर्ण जाईपर्यंत चालू ठेवतात, कारण झिजणाऱ्या प्रत्येक थरातून जंतू नव्याने सुटत असतात. अलीकडे काही तज्ज्ञ कमी मुदतीच्या कोर्सनेही भागतं असं दाखवू लागले आहेत. मी अजून जुन्या वाटेनेच जातो, पण मधेमधे कल्चर करून पाहतो.

आहाराचं तंत्र असं. प्रथिनं कमी, म्हणजे युरिया कमी, म्हणजे जंतूच्या भट्टीला इंधन कमी. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कमी. लघवी आम्लधर्मी होईल अशी घडण. आणि बऱ्याच अशा आहारांत मीठ थोडं जास्त, म्हणजे कुत्रं पाणी जास्त पितं आणि लघवी पातळ होते. अशी पातळ, आम्लधर्मी लघवी खड्याभोवती चोवीस तास फिरत राहिली की खडीसाखर पाण्यात झिजावी तसा तो झिजतो. खडा मोठा आहे म्हणून विरघळणार नाही, असं नसतं. मात्र तो इतका मोठा असेल की मूत्राशय त्यानेच भरून गेलं आहे, तर त्याच्याभोवती लघवीच नसते, आणि तिथे हा उपाय चालत नाही.

हा आहार तयार मिळतो, डब्यात आणि कोरड्या दाण्यांच्या रूपात. महाग असतो हे कबूल. घरी तसा बनवता येईल का, हे रोज कोणीतरी विचारतं. भात-भाज्या उकडून प्रथिनं कमी करता येतात, पण लघवीचा पीएच आणि खनिजं इतक्या नेमकेपणाने घरच्या पातेल्यात जुळवणं मला जमलेलं नाही आणि जमलेला माणूस मी पाहिलेला नाही. शिवाय हा आहार औषध म्हणूनच द्यायचा, कायमचं जेवण म्हणून नव्हे. वाढत्या पिल्लाला, गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीला तो देत नाहीत. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्याला त्यातलं मीठ झेपत नाही, आणि यांतल्या काही आहारांत चरबी जास्त असल्याने ज्याला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे त्याच्या बाबतीत दहा वेळा विचार करावा लागतो. चिंगीला यांतलं काही नव्हतं.

चार आठवड्यांनी ती आली. रक्त थांबलं होतं, बसणंही कमी झालं होतं, घरचे खूष. एक्स-रेवर मात्र दोन सेंटिमीटरचा खडा जेमतेम पावणेदोनचा झाला होता. महिन्याभरात खडा नीट लहान झाला नाही तर तीन शक्यता असतात. एक, खडा स्ट्रुव्हाइट नाहीच, किंवा बाहेरून वेगळ्या क्षाराचं कवच आहे. दोन, जंतू मेलेला नाही. तीन, कुत्रं दुसरं काहीतरी खातंय.

कल्चर स्वच्छ आलं. लघवीचा पीएच ६.५ होता, म्हणजे आहार काही प्रमाणात पोटात जात होता. मग रक्तातला युरिया पाहिला. हा आहार एकट्याने पोटात जात असेल तर रक्तातला युरिया बराच खाली उतरतो, कारण खाण्यातच प्रथिनं नसतात. चिंगीचा पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच होता. मी सूनबाईंना विचारलं, “घरात आणखी कोण भरवतं?” त्या म्हणाल्या, कोणीच नाही, सगळ्यांना ताकीद दिलीय.

पुढच्या वेळी आजी बरोबर आल्या. त्यांना मी रिपोर्ट दाखवला आणि म्हटलं, “आजी, हे रक्त सांगतंय की चिंगी रोज प्रथिनं खातेय.” आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो डॉक्टर, ते डब्यातलं खाणं तिला गिळवत नाही. सकाळी मी एक अंडं देते उकडून. आणि पनीर. एवढंसंच.” आठ किलोच्या कुत्रीला रोज एक अंडं आणि पनीर, म्हणजे माणसाच्या हिशेबाने अर्धा डझन अंडी. मी आजींना रागावलो नाही. त्यांना एक काम दिलं : तोच डब्यातला आहार कोमट करून, त्यात पाणी कालवून, रोज त्यांनीच हाताने भरवायचा. भरवण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहिला, वाटी फक्त बदलली.

आठव्या आठवड्यात खडा एक सेंटिमीटरचा होता, धाकटे दोन नाहीसे झाले होते. युरिया निम्म्याहून खाली आला होता. बाराव्या आठवड्यात मूत्राशय रिकामं दिसलं. पण एक्स-रेला न दिसणारे बारीक कण राहू शकतात, म्हणून आहार आणि औषध आणखी महिनाभर चालवलं, मग थांबवलं. तेव्हापासून तिचं जेवण साधंच आहे. कुत्र्यातल्या स्ट्रुव्हाइटचा पहारा ताटावर कमी आणि जंतूंवर जास्त ठेवायचा असतो. ती दर काही महिन्यांनी लघवी तपासायला येते. पगच्या योनीभोवतीच्या कातडीला घड्या असतात, तिथे ओल आणि जंतू साचतात. ती घडी कोरडी ठेवण्याचं कामही आजींकडेच आहे.

संगमरवरासारखा गुळगुळीत खडा, मादी, जंतू आणि पीएच ८ एवढं सगळं जुळलं की मी सुरी उचलत नाही. पोट न कापता जे काम होतं त्यासाठी भूल द्यायची, टाके घालायचे, आणि मागे जंतू तसेच ठेवायचे, यात शहाणपण नाही. पण हे सगळं मादीच्या बाबतीत. नराचा मामला वेगळा असतो.

गोट्या हा नऊ वर्षांचा शिह त्झू, वजन सहा किलो. तो आला तो रविवारी रात्री. सकाळपासून पाय वर करत होता आणि एक थेंब येत नव्हता. संध्याकाळी उलटी झाली. पोटाला हात लावला तर मूत्राशय मोसंबीसारखं टणक. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असतं आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे ती रुंदावू शकत नाही, म्हणून निसटलेला खडा नेमका त्या हाडाच्या मागे येऊन अडकतो. लघवी पूर्ण बंद झाली की रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि हृदय थांबू शकतं. हे उद्या सकाळी पाहू म्हणण्याचं दुखणं नाही. कुत्रं जोर करतंय आणि काही येत नाही, याला पुष्कळ लोक बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल पाजतात. जोर कुठे लागतोय ते वाकून बघा.

मूत्राशयातून सुईने लघवी काढून ताण कमी केला आणि तीच तपासली. पीएच ६. घट्टपणा १.०४२. लाल पेशी पुष्कळ, जंतू एकही नाही. स्फटिक? एकही नाही. एक्स-रेवर मात्र मूत्राशयात साबुदाण्याएवढे काटेरी खडे आणि हाडाच्या मागे अडकलेले दोन. नर, उतारवय, शिह त्झू, आम्लधर्मी घट्ट लघवी, जंतू नाहीत, खडे लहान आणि खडबडीत : सगळी बोटं ऑक्झलेटकडे दाखवत होती. शिह त्झू, ल्हासा, यॉर्कशायर टेरियर, मिनिएचर श्नाउझर, पॉमेरेनियन या जाती त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्या रात्री रक्तातलं पोटॅशियम आधी खाली आणलं, मगच भूल दिली.

अडकलेला खडा बाहेर ओढायचा नसतो, आत ढकलायचा असतो. नलिकेत सलाइन आणि वंगण भरलेला कॅथेटर घालतात. मदतनीस गुदद्वारातून बोट घालून मूत्रनलिका वरून दाबून धरतो. सलाइनच्या दाबाने नलिका फुगते, मदतनीस एकदम बोट सोडतो, आणि खडा पाण्याच्या लोंढ्याबरोबर मूत्राशयात परत जातो. गोट्याचे दोन्ही खडे तिसऱ्या झटक्याला आत गेले. यामागचं कारण साधं आहे. मूत्राशय कापणं सोपं असतं आणि ते लवकर भरून येतं. मूत्रनलिका कापली तर ती रक्त गाळत राहते आणि पुढे आकसू शकते.

शस्त्रक्रिया अशी. पोट मधोमध उघडायचं, मूत्राशय बाहेर काढून ओल्या कापडांनी वेढायचं, म्हणजे लघवी पोटात सांडत नाही. दोन टोकांना धरायचे टाके घालून मधे रक्तवाहिन्या कमी असतात तिथे चीर द्यायची. चमच्याने खडे उचलायचे. इथपर्यंतचं काम विद्यार्थ्यालाही जमतं. खरं काम पुढे असतं. मूत्राशयाच्या मानेत आणि नलिकेत लपलेले खडे बाहेर काढण्यासाठी शिश्नाच्या टोकाकडून मूत्राशयाकडे आणि मूत्राशयाकडून टोकाकडे, असं आलटून पालटून सलाइन मारत राहायचं. कॅथेटर दोन्हीकडून न अडखळता गेला पाहिजे. मग विरघळणाऱ्या एकपदरी धाग्याने मूत्राशय शिवायचं. धाग्याचं टोक आतल्या पोकळीत लोंबत राहिलं तर त्याच्याभोवतीच पुढचा खडा जमतो. असे धाग्यावर वाढलेले खडे मी काढले आहेत, मोत्याच्या माळेसारखे ओवलेले.

शिवून झाल्यावर टेबलावरून थेट एक्स-रेला. इथे मी हटवादी आहे आणि त्याला कारण आहे. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी एका टेरियरचे खडे काढले, हाताने चाचपलं, समाधान झालं, आणि एक्स-रे केला नाही. तीन आठवड्यांनी तो लघवी तुंबून परत आला. मालक समजले की खडे पुन्हा झाले. तीन आठवड्यांत एवढे खडे होत नाहीत, ते मीच मागे ठेवले होते. नंतर वाचनात आलं की अमेरिकेतल्या एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतर एक्स-रे काढलेल्या दर पाचांपैकी एका कुत्र्यात खडे राहून गेलेले आढळले होते. त्यामुळे आपल्या कुत्र्याची अशी शस्त्रक्रिया झाली तर नंतरचा एक्स-रे मागून घ्या. डॉक्टरला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

गोट्याच्या आधीच्या एक्स-रेवर मी तेवीस खडे मोजले होते. बाहेर काढलेले एकवीस भरले. नंतरच्या एक्स-रेवर उरलेले दोन मूत्राशयाच्या मानेत दिसले. पुन्हा टाके उसवले, पुन्हा सलाइन, आणि तेवीस पुरे झाले. टेबलावर पंचवीस मिनिटं जास्त गेली.

खडे बाटलीत भरून मालकाच्या हातात ठेवण्याची पद्धत आहे. शोकेसमध्ये ठेवतात लोक. ते आधी प्रयोगशाळेत गेले पाहिजेत. रसायनं टाकून रंग पाहण्याची जुनी चाचणी फसवी आहे. अवरक्त किरणांनी केलेलं विश्लेषण हवं. गोट्याचा निकाल आला : पूर्ण कॅल्शियम ऑक्झलेट.

मग त्याचं रक्तातलं कॅल्शियम तपासलं, कारण कधीकधी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ कॅल्शियम वाढवते आणि त्यातून खडे होतात. ती गाठ काढली नाही तर खडे काढत बसावं लागतं. त्याचं कॅल्शियम नॉर्मल होतं. पण वहिनींच्या पिशवीतून दुसरंच निघालं : कॅल्शियमचं सिरप, दिवसातून दोनदा, पिल्लू होता तेव्हापासून. “हाडं मजबूत राहावीत म्हणून” कोणीतरी सुचवलेलं, ते नऊ वर्षं चालू होतं. आपल्याकडे कुत्र्याला कॅल्शियम पाजणं म्हणजे बाळाला गुटी देण्याइतकं सहज झालंय. तयार संतुलित खाणं खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याची गरज नसते. ते, आणि बरोबरच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, त्या दिवसापासून बंद. क जीवनसत्त्वाचं तर शरीरात ऑक्झलेटच बनतं.

ऑक्झलेटचं पुढचं काम चिवट आहे. काढल्यानंतर तीन वर्षांत जवळपास निम्म्या कुत्र्यांत तो परत येतो. आणि इथे एक सापळा आहे. शेजारच्या चिंगीचा खडा ज्या आहाराने गेला तो उरलेला डबा गोट्याला देण्याची कल्पना निघालीच होती. पण लघवी आम्लधर्मी केली की शरीर कॅल्शियम जास्त बाहेर टाकतं, म्हणजे एका खड्याचं औषध दुसऱ्याचं खत ठरू शकतं. वर सांगितलेल्या आकड्यांत ऑक्झलेट जो वाढला, त्यामागे लघवी आम्लधर्मी करणारे तयार आहारही असावेत, असा जाणकारांचा संशय आहे. गोट्याच्या बाबतीत उद्दिष्ट एकच ठरलं : लघवीचा घट्टपणा १.०२० च्या खाली. त्यासाठी ओलं खाणं, त्यात वर पाणी, घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या आणि दिवसातून चारदा बाहेर. तरी पीएच सतत खाली राहिला म्हणून पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं. चिंगीला जे सिरप घातक होतं त्याच कुळातलं औषध इथे कामाला आलं.

वहिनींनी एक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर घेतला आणि सकाळच्या पहिल्या लघवीचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहू लागल्या, दुधाच्या हिशेबाशेजारी. मार्चमध्ये १.०१६, १.०१८. मेमध्ये १.०३०. उन्हाळ्यात पाणी वाढवायचं राहिलं होतं, ते कॅलेंडरने सांगितलं.

शस्त्रक्रियेनंतर आठव्या महिन्यात, एकही तक्रार नसताना, ठरल्याप्रमाणे सोनोग्राफी केली. मूत्राशयाच्या तळाशी खसखशीएवढे चार-पाच कण चमकत होते. एवढे कण सुरीशिवाय काढता येतात. गोट्याला भूल दिली, मूत्राशयात सलाइन भरलं, त्याला पाठ उभी राहील असा धरला, मूत्राशय हलवून कण मानेशी आणले आणि दोन्ही हातांनी ते सावकाश दाबत ठेवलं. धार सुटली, तिच्याबरोबर कण स्टीलच्या ट्रेमध्ये पडले. पाचवा कण दुसऱ्या धारेत आला. त्यानंतर पुन्हा सोनोग्राफी केली, मूत्राशय स्वच्छ होतं. संध्याकाळी गोट्या घरी गेला आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिली गेली, चार महिन्यांनंतरची.